प्रेशर नॉर्मल तरी काचबिंदू, प्रेशर जास्त तरी औषध नाही: हे कसं काय?

दर वर्षी मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह येतो, ठिकठिकाणी तपासणी शिबिरं लागतात, आणि त्यानंतर दोन प्रकारची माणसं गोंधळात पडतात. एकाला शिबिरात सांगितलेलं असतं की डोळ्याचं प्रेशर १५ आहे, छान आहे, आणि काही महिन्यांनी चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर डॉक्टर म्हणतात नस सुकतेय, काचबिंदू आहे. दुसऱ्याला सांगतात प्रेशर २६, लगेच दाखवा, तो घाबरून सगळ्या टेस्ट करून घेतो आणि शेवटी डॉक्टर म्हणतात आत्ता काही नाही, ड्रॉप्सही नकोत, सहा महिन्यांनी या. दोघांच्याही घरी मग एकच विषय, डॉक्टर बदलायचा का. आणि बहुतेक वेळा दोन्ही डॉक्टर बरोबर असतात.

पहिल्या माणसाला जे आहे त्याला नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा म्हणतात, म्हणजे प्रेशर नेहमीच्या हद्दीत असूनही होणारा काचबिंदू. दुसऱ्याला जे आहे ते ऑक्युलर हायपरटेन्शन, म्हणजे डोळ्याचं प्रेशर जास्त पण नस अजून शाबूत. (इथलं टेन्शन म्हणजे मनाचं टेन्शन नाही आणि हे हायपरटेन्शन म्हणजे बीपी नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण फाइलवर वाचून लोक बीपीच्या गोळ्या घ्यायच्या का असं विचारतात.)

२१ हा आकडा आला कुठून

डोळ्यात सतत एक स्वच्छ पाणी तयार होत असतं, मिनिटाला साधारण दोन मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंब भरायलाच वीसेक मिनिटं लागतील इतकं थोडं. ते बाहुलीतून पुढे येतं आणि डोळ्याच्या काळ्या भागाच्या कडेला जो कोन असतो त्यातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात जातं. येणारं आणि जाणारं यांचा मेळ बसला की प्रेशर ठरावीक राहतं, बाहेर जायची वाट तुंबली की वाढतं.

आता नॉर्मल किती ते कसं ठरवलं तर हजारो लोकांचं प्रेशर मोजलं, सरासरी १५-१६ च्या आसपास निघाली, आणि बहुतेक लोक १० ते २१ मध्ये बसले म्हणून २१ ला रेघ मारली. एवढंच. २१ च्या वर गेलं की नस खराब होते आणि खाली राहिलं की होत नाही असं बघून ती रेघ आखलेली नाही, ती लोकसंख्येतली मोजदाद आहे. पण एकदा रेघ मारली की माणसं तिच्या अलीकडे पास आणि पलीकडे नापास असं वाचायला लागतात, लॅबच्या रिपोर्टमध्ये ठळक अक्षरातला आकडा बघून वाचतात तसंच.

जपानमध्ये ताजिमी नावाच्या शहरात चाळिशीच्या पुढच्या लोकांची तपासणी केली होती तेव्हा नेहमीच्या उघड्या कोनाच्या काचबिंदूचे जे रुग्ण सापडले त्यातल्या ९२ टक्के लोकांचं प्रेशर २१ किंवा त्याच्या आत होतं. नुसतं प्रेशर बघून शोधलं असतं तर जवळजवळ सगळेच निसटले असते. म्हणून आता काचबिंदूची व्याख्या प्रेशरवर नाही, नसेवर आहे. ऑप्टिक नर्व्हला ठरावीक पद्धतीची इजा दिसते का आणि नजरेच्या पसाऱ्यात तिच्याशी जुळणारी जागा गेलीय का, एवढंच विचारतात. प्रेशर हा धोका वाढवणारा घटक, सगळ्यात मोठा आणि आपल्या हातात असलेला एकमेव, पण तरी घटकच.

इजा नेमकी कुठे होते

डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून दहा-बारा लाख बारीक धागे एकत्र येतात, एका जागी वळतात आणि जाड नस बनून मेंदूकडे जातात. डोळ्याच्या भिंतीतून बाहेर पडताना ते एका भोकाभोकांच्या पातळ पडद्यातून जातात. ह्या पडद्याच्या आतल्या बाजूला डोळ्याचं प्रेशर आणि बाहेरच्या बाजूला मेंदूभोवती असतं तेच पाणी, कारण ते पाणी नसेभोवतीच्या आवरणातूनही खाली आलेलं असतं. काचबिंदूत पहिला मार बसतो तो ह्या पडद्यावर. तो मागे वाकतो, भोकं तिरकी होतात, त्यातून जाणारे धागे आवळले जातात, धाग्यांच्या आत जो माल इकडून तिकडे वाहत असतो तो अडतो आणि धागा मरतो. तो परत येत नाही.

हे समजायला शेताचा बांध डोळ्यापुढे आणा. दोन शेतांत पाणी सारखंच, कमरेइतकं, पण एक बांध टिकतो आणि एक फुटतो. का, तर फुटलेला बांध मुळात भुसभुशीत मातीचा असेल, किंवा त्याला खेकड्यांनी बिळं केली असतील, किंवा पलीकडच्या शेतात आधाराला पाणीच नसेल त्यामुळे सगळा रेटा एका बाजूने. नुसती पाण्याची उंची मोजून कोणता फुटेल हे सांगता येत नाही, उंची आणि बांध दोन्ही बघावे लागतात.

मग १५ प्रेशरवर नस का खराब होते

ह्याचं एकच उत्तर नाही आणि एका माणसात दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात.

पहिलं म्हणजे पडदाच नाजूक. मायनस नंबर मोठा असेल तर डोळा लांबट असतो आणि मागची भिंत ताणलेली असते. घरात काचबिंदू असेल तर तेही धरायचं, काही थोड्या कुटुंबांमध्ये तर एकाच जीनमधल्या बदलामुळे कमी प्रेशरवर तरुण वयातच नस जाते असं सापडलंय.

दुसरं, पलीकडचा आधार कमी. पाठीतून पाणी काढून मोजलं तेव्हा बीजिंगमधल्या अभ्यासात नॉर्मल टेन्शनवाल्यांमध्ये मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब कमी निघाला, म्हणजे डोळ्यात १५ च असले तरी पडद्यावरचा निव्वळ रेटा जास्त. गंमत म्हणजे ऑक्युलर हायपरटेन्शनवाल्यांमध्ये तो जास्त निघाला, म्हणजे त्यांना मागून आधार होता. हे अभ्यास छोटे आहेत, पुढच्या काही अभ्यासांत तसंच दिसलं नाही, आणि तुमच्या डोळ्यासाठी कोणी पाठीतून पाणी काढणार नाही आणि काढूही नये. पण प्रेशर म्हणजे एका बाजूचा आकडा नाही, दोन बाजूंमधला फरक आहे, हा विचार मला तरी पटतो.

तिसरं, रक्तपुरवठा. नसेच्या टोकाला रक्त पोचतं ते बीपीच्या जोरावर आणि त्याला विरोध असतो डोळ्याच्या प्रेशरचा. म्हणून बीपी खूप खाली गेलं तर १५ प्रेशरसुद्धा त्या जागी भारी पडतं. झोपेत बीपी दहा-वीस टक्के उतरणं बहुतेकांचं असतं, पण काहींचं त्याहून जास्त उतरतं, आणि त्यात रात्री बीपीची गोळी घेतली असेल तर अजून. हात-पाय सतत गार पडणारे, अर्धशिशीवाले, झोपेत श्वास अडकणारे म्हणजे स्लीप अॅप्निया असलेले, ह्यांच्यात हा प्रकार जास्त दिसतो. नसेच्या कडेला एक बारीक रेघेसारखा रक्ताचा डाग दिसणं ही ह्या काचबिंदूतली ओळखीची खूण आहे, तो काही आठवड्यांनी जातो पण ज्यांच्यात तो दिसला त्यांचा आजार पुढे सरकायची शक्यता जास्त असते. म्हणून डॉक्टर त्या डागाला इतकं महत्त्व देतात.

पण १५ हे खरंच १५ होतं का

हा प्रश्न रास्त आहे आणि निदान करताना डॉक्टरही तो आधी विचारतात. प्रेशर दिवसभर एकसारखं नसतं, पहाटे आणि आडवं झाल्यावर वाढतं, आणि आपण मोजतो दुपारी बारा वाजता खुर्चीत बसून. म्हणून वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा मोजतात. शिवाय मशीन कॉर्नियावर म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर दाबून अंदाज काढतं, कॉर्निया पातळ असला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि जाड असला की जास्त. लेसिक करून चष्मा घालवलेल्यांचा कॉर्निया पातळ झालेला असतो, त्यांनी प्रत्येक वेळी हे सांगायलाच पाहिजे. शिबिरात हवेची फुंकर मारून जे मोजतात ते चाळणी लावण्यापुरतं ठीक, निर्णय घ्यायचा तो भूल देणारा थेंब आणि पिवळा रंग टाकून निळ्या लाइटमध्ये मोजतात त्या आकड्यावर.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पूर्वी कधी वर्षानुवर्षं स्टेरॉइडचे ड्रॉप्स घातले असतील, खाजेसाठी मेडिकलमधून आणलेले, तर तेव्हा प्रेशर वाढून नस मार खाते आणि ड्रॉप्स थांबल्यावर प्रेशर नॉर्मल दिसतं. आज तपासणारा म्हणेल नॉर्मल टेन्शन, पण खरं म्हणजे ती जुनी जखम असते, पुढे न सरकणारी. म्हणून जुन्या बाटल्यांची नावं आठवून सांगा.

एक केस पायरीने बघू

समजा नाशिकच्या एक ताई आहेत, वय ५६, वाचायचा चष्मा बदलायला गेल्या. तक्रार काहीच नाही, दूरचं दोन्ही डोळ्यांनी सहा-सहा. प्रेशर १५ आणि १४. पण डॉक्टरांनी बाहुली मोठी करून नस बघितली तर उजवीकडे नसेच्या खालच्या कडेला खाच आणि तिथेच रक्ताची बारीक रेघ. मग पुढचं सुरू झालं. कोन बघितला, उघडा आहे. (आपल्याकडे बंद कोनाचा काचबिंदू बराच असतो आणि त्यात प्रेशर अधूनमधून वाढून परत उतरतं, त्यामुळे हे तपासल्याशिवाय नॉर्मल टेन्शन म्हणायचं नाही.) कॉर्नियाची जाडी ४९८ मायक्रॉन, म्हणजे थोडा पातळ. दिवसभरात वेगवेगळ्या वेळी मोजलं तर १३ ते १७, सरासरी १५ च्या वर थोडं. ओसीटीत, म्हणजे नसेच्या धाग्यांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, खालच्या बाजूचा थर पातळ. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे बटण दाबायच्या त्या दिव्यांच्या टेस्टमध्ये, वरच्या बाजूला मध्यभागाच्या अगदी जवळ काळा चंद्रकोरीसारखा पट्टा. नस खाली खराब तर नजर वर जाते कारण डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणजे दोन्ही जुळलं.

हे जुळणं फार महत्त्वाचं. नसेची खाच आणि फील्डमधली जागा जुळत नसती, किंवा नस खोलगट होण्यापेक्षा फिकट जास्त दिसली असती, किंवा ताईंचं वय पन्नाशीच्या बरंच आत असतं, किंवा दूरची नजरच उतरली असती, किंवा फील्डमधला काळा भाग उभ्या मधल्या रेषेवर कापल्यासारखा थांबला असता तर मेंदूचा एमआरआय करावा लागला असता, कारण नसेवर गाठीचा दाब असेल तरी काचबिंदूचा भास होऊ शकतो. ताईंमध्ये ह्यातलं काही नव्हतं म्हणून एमआरआय नाही. तो सगळ्यांचा करायची गरज नसते.

फील्ड टेस्ट पहिल्यांदा बहुतेकांची वाईट येते, सवय नसते, त्यामुळे परत केली आणि तोच पट्टा त्याच जागी आला. तेव्हा निदान पक्कं झालं. ताईंना अर्धशिशी होती आणि बीपीची गोळी त्या झोपताना घ्यायच्या, हेही ह्याच वेळी विचारल्यावर कळलं.

प्रेशर नॉर्मल तर प्रेशरचे ड्रॉप्स कशाला

ह्या आजारात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर असं की त्या बांधासाठी ते पाणी जास्त होतं. नॉर्मल हे लोकांचं आहे, तुमच्या नसेचं नाही.

आणि हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात बरीच केंद्रं एकत्र आली होती, नॉर्मल टेन्शनवाल्यांचे दोन गट केले, एकाला काहीच दिलं नाही आणि दुसऱ्याचं प्रेशर औषध, लेझर किंवा ऑपरेशनने ३० टक्के खाली आणलं. पुढे सरकले ते बिनउपचाराच्या गटात ३५ टक्के आणि उपचाराच्या गटात १२ टक्के. म्हणून ताईंसाठी डॉक्टरांनी ठरवलेलं ध्येय त्यांच्या सरासरीच्या ३० टक्के खाली, म्हणजे ११ च्या आसपास. हे गाठणं कठीण असतं, आधीच कमी असलेलं प्रेशर ड्रॉप्सने फारसं खाली येत नाही, कधी दोन औषधं लागतात, कधी लेझर.

पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू लोकांपर्यंत पोचत नाही. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यातले कमीत कमी अर्धे लोक पाच-सात वर्षांत पुढे सरकलेच नाहीत, आणि जे सरकले त्यातले बरेचसे हळूहळू. म्हणजे नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा असं निदान झालं तरी काहींवर नुसतं लक्ष ठेवलेलं चालतं, उदाहरणार्थ वय ७५ च्या पुढे, इजा थोडी आणि मध्यापासून लांब, रक्ताचा डाग नाही, मागचे-पुढचे रिपोर्ट जवळपास सारखेच. लक्ष ठेवायचं म्हणजे पहिल्या दोन वर्षांत पाच-सहा फील्ड करायच्या, कारण वेग कळायला तेवढे बिंदू लागतातच, दोन टेस्टवरून वेग सांगता येत नाही. ताईंच्या बाबतीत मात्र थांबणं योग्य नव्हतं, पट्टा मध्याच्या जवळ होता, रक्ताची रेघ होती, अर्धशिशी होती, आणि समोर तीस वर्षांचं आयुष्य होतं.

आता २६ वाला माणूस

ऑक्युलर हायपरटेन्शन म्हणायचं कधी, तर प्रेशर पुन्हा पुन्हा २१ च्या वर, कोन उघडा, नस चांगली, फील्ड स्वच्छ, आणि प्रेशर वाढायला दुसरं कारण नाही. दुसरं कारण म्हणजे मुख्यतः स्टेरॉइड, आणि त्यात फक्त डोळ्यांचे ड्रॉप्स नाहीत, चेहऱ्याला लावायची गोरेपणाची क्रीम, दम्याचा पंप, सांध्यांची इंजेक्शनं हे सगळं सांगायचं.

अमेरिकेत १९९४ साली १६३६ अशा लोकांना घेऊन ओएचटीएस नावाचा अभ्यास सुरू झाला, प्रेशर २४ ते ३२ वाले, अर्ध्यांना ड्रॉप्स आणि अर्ध्यांना फक्त तपासणी. पाच वर्षांनी बिनऔषधाच्या गटात ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला आणि औषधाच्या गटात ४.४ टक्के. जाहिरातीत हे "धोका निम्मा" असं लिहिता येईल आणि ते खोटं नाही. पण उलटं वाचा, काहीही न घेता शंभरातल्या नव्वद जणांना पाच वर्षांत काहीच झालं नाही. साधारण वीस जणांनी पाच वर्षं रोज थेंब टाकायचे तेव्हा एकाचा काचबिंदू टळतो, आणि जो टळतो तोही सुरुवातीचा, आंधळेपणा नाही.

मग त्या वीसातला एक कोण हे ओळखायचं कसं, तर त्याच अभ्यासातून चार-पाच गोष्टी निघाल्या: वय, प्रेशर किती, नसेची खोलगट वाटी मुळात किती मोठी, फील्डमध्ये किंचित उंचसखलपणा, आणि कॉर्नियाची जाडी. शेवटच्या गोष्टीने सगळे चकित झाले. साधारण २६ च्या पुढे प्रेशर असलेल्यांमध्ये कॉर्निया ५५५ मायक्रॉन किंवा पातळ असेल तर बिनऔषधाचे शंभरातले ३६ जण साधारण सहा वर्षांत काचबिंदूकडे गेले, आणि ५८८ च्या वर जाड असेल तर फक्त ६.

इथे आपल्या लोकांनी एक लक्षात घ्यायचं. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या मोठ्या पाहणीत सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली, म्हणजे अमेरिकेच्या मापाने आपल्यातले बहुतेक पातळच. त्यामुळे रिपोर्टवर ५३० बघून इंटरनेटवरच्या तक्त्यात स्वतःला धोक्याच्या रकान्यात टाकून झोप उडवू नका, आणि जाडीप्रमाणे प्रेशरमध्ये दोन मिळवा तीन वजा करा असली गणितंही करू नका, ती भरवशाची नाहीत. जाडी हा एक धागा आहे, डॉक्टर तो बाकीच्या धाग्यांबरोबर वाचतात.

कोणाला नुसतं लक्ष पुरे

ह्याचं उत्तर त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात मिळालं. बिनऔषधाच्या गटाला साडेसात वर्षांनी औषध सुरू केलं आणि एकूण तेरा वर्षांनी बघितलं की उशीर केल्याने नुकसान किती झालं. धोका सगळ्यात कमी असलेल्या एक तृतीयांश हिश्शात, उशिरा औषध सुरू केलेल्यांपैकी ८ टक्क्यांना काचबिंदू झाला आणि पहिल्यापासून घेणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांना. काहीच फरक नाही म्हटलं तरी चालेल. धोका सगळ्यात जास्त असलेल्या हिश्शात मात्र ४० आणि २८.

म्हणजे ४५ वर्षांचा माणूस, प्रेशर २४-२५, कॉर्निया जाड, नसेची वाटी छोटी, फील्ड स्वच्छ, घरात कोणाला नाही, ह्याला औषध न देता वर्षाला एक-दोनदा बोलावणारा डॉक्टर टाळाटाळ करत नाहीये, पुरावा बघून वागतोय. ६२ वर्षांचा, प्रेशर २८, कॉर्निया पातळ, वाटी मोठी, भावाला काचबिंदू, ह्याला औषध सुरू करणारा डॉक्टरही तसाच. आणि ३० च्या वर गेलं की नस चांगली असली तरी बहुतेक डॉक्टर थांबत नाहीत, कारण डोळ्याच्या मागची रक्ताची शीर बंद व्हायचा धोकाही वाढतो.

"मग आयुष्यभर बिनधास्त?" नाही. त्याच लोकांना वीस वर्षांनी परत बोलावून बघितलं तेव्हा अंदाज काढला की ४६ टक्क्यांना एका तरी डोळ्यात काचबिंदू झाला होता आणि साधारण २५ टक्क्यांच्या फील्डमध्ये फरक पडला होता. लक्ष ठेवायचं म्हणजे खरंच ठेवायचं, आणि पहिल्या दिवसाचा नसेचा फोटो, ओसीटी आणि फील्ड ह्यांचे कागद दहा वर्षं जपायचे, गाव बदललं डॉक्टर बदलले तरी. बदल झालाय की मुळातच तसं होतं हे सांगणारा तो एकच पुरावा असतो.

बीपीची गोळी आणि शीर्षासन

हे दोन प्रश्न हमखास येतात. बीपीची गोळी डोळ्यासाठी मनाने बंद करायची नाही, लकव्याचा धोका त्याहून मोठा आहे. पण नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा आहे आणि गोळी रात्रीची आहे हे फिजिशियनला सांगायचं, ते २४ तासांचं बीपी मशीन लावून बघतील, रात्री फारच उतरत असेल तर गोळी सकाळी हलवता येते का ते ठरवतील. ताईंच्या गोळीचं तेच झालं. दम्याच्या पेशंटने टिमोलॉल नावाचे ड्रॉप्स सुरू करायच्या आधी दमा आहे हे सांगायलाच हवं, ते थेंब डोळ्यातून अंगात जातात, श्वासनलिका आवळू शकतात आणि नाडीही मंद करतात.

शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं, हे आपल्याच देशात योग करणाऱ्यांवर मोजलेलं आहे, खाली आल्यावर ते परत उतरतं. निरोगी नसेला त्याने काही झाल्याचं दिसलं नाही. पण ज्याची नस १५ वरच मार खातेय त्याने रोज काही मिनिटं तिला ३० दाखवायचं कारण नाही. शीर्षासन सोडा, सर्वांगासन आणि डोकं बराच वेळ खाली राहणारी बाकीची आसनंही सोडा. प्राणायाम, चालणं, सूर्यनमस्कार चालू ठेवायला हरकत नाही, सूर्यनमस्कारात डोकं खाली जातं ते क्षणभर, तिथे थांबून राहू नका.